सामायिक बाग आणि ब्लूटूथ स्पीकर : टोकियोतील एका सोसायटीचा अनुभव

(टोकियोत वास्तव्यास असलेल्या आणि तेथील आपल्या इमारतीच्या रहिवासी मंडळाचे सेक्रेटरी असलेल्या समाजबांधवाने सुट्टीवर आले असता सभागृहात केलेल्या छोटेखानी भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



समितीने मला सांगितले की, जपानविषयी काहीही बोला, पण थोडक्यात बोला. मी विषय निवडला तो ऐकून अध्यक्षांना हसू आले. परंतु गेली दोन वर्षे सेक्रेटरी या नात्याने माझा जितका वेळ या एका विषयात गेला, तितका पाण्याच्या टाक्या, लिफ्ट आणि सायकलींचा तळ या तिन्हींत मिळूनही गेला नाही. विषय आहे इमारतीच्या सामायिक बागेत वाजणारा ब्लूटूथ स्पीकर.

प्रथम मी सेक्रेटरी कसा झालो ते सांगतो, म्हणजे गैरसमज नको. तिकडे अनेक इमारतींत मंडळाची पदे पाळीपाळीने येतात. मजल्यामागे मजला पाळी फिरते. आमच्या मजल्याची पाळी आली, त्यात माझे घर आले आणि मी सेक्रेटरी झालो. यात कर्तृत्व काहीच नाही.

आमची इमारत एदोगावा या विभागात आहे. त्याच विभागातील निशिकासाई या भागात संगणकक्षेत्रात काम करणारी भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि त्यांत मराठी घरेही पुष्कळ आहेत. 2019 साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ एदोगावाच्या स्थानिक सभेवर निवडून आले, हे आपल्यापैकी काहींनी वाचले असेल. म्हणजे आम्ही तेथे पाहुणे राहिलेलो नाही, शेजारी झालो आहोत. आणि शेजारी झाल्यावरच खऱ्या अडचणी सुरू होतात.

आमच्या दोन इमारतींच्या मधोमध एक बाग आहे. चार बाके, एक घसरगुंडी, काही झाडे. शरद ऋतूत तेथे रविवारी दुपारी आम्ही वीसेक माणसे जमत असू. मुलांचे वाढदिवस, दिवाळीचा फराळ, कधी नुसतेच एकत्र बसणे. कोणीतरी स्पीकर आणी, गाणी लागत. तीनदा असे झाले. कोणी खिडकीतून ओरडले नाही, कोणी खाली येऊन बोलले नाही. आम्हाला वाटले, लोकांना आवडते आहे.

चौथ्या आठवड्यात प्रत्येक घराच्या टपालपेटीत एक कागद आला. बागेतील ध्वनीविषयी रहिवाशांकडून विचारणा झाली आहे, सर्वांनी परस्परांची काळजी घ्यावी, अशा अर्थाचा. त्यात ना कोणाचे नाव, ना घराचा क्रमांक, ना तारीख. आमच्यातील निम्म्या लोकांनी तो वाचून बाजूला ठेवला, कारण त्यांना खरोखरच वाटले की हा कागद दुसऱ्या कोणाविषयी आहे. उरलेल्या निम्म्यांना वाटले की आपल्याला परके म्हणून टोचले आहे. दोघेही चुकले होते. तिकडची रीतच अशी आहे. त्रास झालेला माणूस त्रास देणाऱ्याच्या दारात जात नाही; तो व्यवस्थापकाला सांगतो आणि व्यवस्थापक साऱ्या इमारतीला कागद वाटतो. ज्याच्यासाठी कागद असतो त्याने तो ओळखून घ्यायचा. तक्रार कागदावर येईपर्यंत ती पुष्कळ दिवस मनात राहिलेली असते, हेही ओळखून घ्यायचे. आपल्याकडे पहिल्याच दिवशी वरच्या मजल्यावरून हाक येते, 'अरे, आवाज कमी करा!' त्या हाकेची किंमत मला तिकडे गेल्यावर कळली.

या संकोचामागे भीतीही आहे. 1974 साली टोकियोजवळच्या हिरात्सुका येथे, सरकारी वसाहतीतील एका रहिवाशाने खालच्या घरातील पियानोच्या आवाजावरून एक आई आणि तिच्या दोन मुली यांची हत्या केली. पन्नास वर्षे होऊन गेली, तरी शेजारच्या घरातील आवाज हा विषय निघाला की जुन्या माणसांना ती घटना आठवते. समोरासमोर भांडण नको, मधला माणूस असू द्या, असे त्यांना वाटते, त्यात आश्चर्य नाही.

पुढच्या बैठकीत एका वयस्क सभासदांनी ठराव मांडला की, बागेत कोणतेही ध्वनियंत्र आणू नये. सेक्रेटरी म्हणून तो ठराव वाचून दाखवण्याचे काम माझेच होते. मला संगीताची चिंता नव्हती. गाणी घरातही ऐकता येतात. मला बागेची चिंता होती. नागानो शहरात आओकीजिमा नावाचे मुलांचे एक खेळाचे मैदान 2023 साली बंद झाले. मुलांच्या आवाजाविषयीच्या तक्रारींतून ते प्रकरण सुरू झाले आणि देशभर गाजले. तक्रार हे एकच कारण नव्हते, असे नगरपालिकेकडून सांगण्यात आले. पण मैदान गेले ते गेलेच. आज स्पीकर, उद्या चेंडू, परवा मुले, अशी वाट मला दिसत होती. टोकियोने 2015 साली आपल्या नियमात बदल करून शाळेच्या वयाखालील मुलांच्या आवाजाला डेसिबलच्या मर्यादेतून वगळले आहे, एवढा दिलासा आहे. मोठ्या माणसांच्या गाण्यांना ती सवलत नाही, आणि नसावी.

मी एक महिन्याची मुदत मागितली. त्या महिन्यात जे शिकलो तेच आज सांगायचे आहे.

आधी कायद्याचा आकडा. जपानमध्ये सामान्य निवासी भागासाठी ध्वनीचे प्रमाण दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 डेसिबल असे आहे. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. आपल्या देशाच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी काय आहे? 55 आणि 45. आणि दिवस तोच, सहा ते दहा. मला हे कळले तेव्हा मी दोनदा तपासून पाहिले. म्हणजे 'जपानची गोष्ट वेगळी, तिथले कायदे कडक' असे म्हणण्यास वाव नाही. मात्र या आकड्याला एक मर्यादा आहे. तो त्या साऱ्या कालावधीची सरासरी धरतो. तास-दीड तास मोठा आवाज केला आणि उरलेला दिवस शांत गेला, तर सरासरीत तो तास बुडून जातो. शेजाऱ्याच्या कानात तो बुडत नाही. म्हणून आकडा हाती धरून 'आम्ही नियमात आहोत' असे सांगणाऱ्यांपैकी आपण होऊ नये. आकडा वापरायचा तो स्वतःचे माप घेण्यासाठी.

आता माप कसे घेतले ते सांगतो. मोबाईलवर ध्वनिमापक मिळतो. तो चार-पाच डेसिबल इकडेतिकडे दाखवू शकतो, पण एकाच मोबाईलने दोन ठिकाणे मोजली तर त्यांतील फरक बराचसा विश्वासार्ह असतो. उघड्या जागेत एक सोपा हिशेब चालतो : अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. आमचा स्पीकर एका मीटरवर 80 दाखवत होता. दोन मीटरवर 74, चार मीटरवर 68, आठ मीटरवर 62, सोळा मीटरवर 56. आमची बैठक ऐसपैस असे; स्पीकर एका टोकाच्या बाकावर आणि शेवटचा माणूस आठ मीटरवर. त्याला गाणे नीट ऐकू यावे म्हणून स्पीकर 80 वर. आणि सर्वांत जवळची खिडकी होती सोळा मीटरवर. हिशेबाने तेथे 56 यायला हवे होते. प्रत्यक्षात मोजले तेव्हा 59 आले, कारण दोन्ही बाजूंच्या उंच भिंती आवाज परत फेकतात. झाडांचा भरवसा धरू नका. चार झाडांनी मन शांत होते, आवाज फारसा अडत नाही. आणि तिसरा मजला म्हणजे दूर, असेही समजू नका. खिडकीतून स्पीकर दिसत असेल तर आवाजही सरळ तेथे जातो.

येथे आमची मूळ चूक लक्षात आली. आवाज मोठा होता, कारण आम्ही दूर बसत होतो. जो शेवटचा माणूस आठ मीटरवर बसला होता, त्याच्यासाठी साऱ्या इमारतीला गाणे ऐकावे लागत होते.

मग आम्ही खुर्च्या हलवल्या. एका मोठ्या स्पीकरऐवजी दोन छोटे घेतले आणि ते माणसांच्या मधोमध ठेवले, असे की कोणीही आपल्या जवळच्या स्पीकरपासून दोन मीटरहून दूर नसावा. शेवटच्या माणसाच्या कानाशी पूर्वीइतकेच 62 हवे असतील, तर आता प्रत्येक स्पीकर एका मीटरवर 68 असला की पुरतो. सोळा मीटरवरच्या खिडकीत एका स्पीकरचे 44 पोहोचतात. दोन्ही मिळून 88 होत नाहीत, 47 होतात, कारण दोन सारखे आवाज मिळाले की साधारण तीनच डेसिबल वाढतात. भिंतींचे तीन धरले तरी 50. ऐकणाऱ्यांसाठी गाणे तेवढेच आणि खिडकीत 59 च्या जागी 50! नऊ डेसिबलचा फरक कानाला जवळजवळ निम्मा आवाज झाल्यासारखा वाटतो. यासाठी खर्च काही नाही, फक्त खुर्च्या जवळ घ्याव्या लागतात.

परंतु एक वयस्क जोडपे म्हणाले की अजूनही त्रास होतो. मी मापक घेऊन त्यांच्या घरी गेलो. खिडकी बंद, आकडा अगदी खाली, तरी त्यांचे म्हणणे खरे होते. गाण्याचे शब्द कळत नव्हते, चाल कळत नव्हती, पण ठोका कळत होता. ढोलाचा, बासचा, तो खालचा धप्प धप्प. याचे कारण असे की, साधा मापक खोल स्वर कमी धरून मोजतो आणि काच व भिंत मात्र नेमके तेच खोल स्वर कमी अडवतात. आकडा समाधानी आणि माणूस हैराण, असे होते ते यामुळे. यावर उपाय दोन. स्पीकरच्या ॲपमध्ये बास कमी करण्याची सोय असते, ती वापरावी. आणि स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात ठेवू नये. कोपरा खोल स्वरांना कर्ण्यासारखा वाढवतो. आम्ही तो पूर्वी अगदी कोपऱ्यातच ठेवत होतो, कारण तेथे पाऊस लागत नाही! हे दोन्ही केल्यावर मी पुन्हा त्यांच्या घरी जाऊन उभा राहिलो, खिडकी बंद करून. ही परीक्षा मला मापकापेक्षा खरी वाटते. बंद खिडकीच्या आत ठोका ऐकू येत असेल, तर बाहेरचा आकडा काही का असेना.

ब्लूटूथच्या स्वतःच्या काही खोडी आहेत, त्या पटकन सांगतो. एका स्पीकरला एकच मोबाईल जोडावा आणि तो मोबाईल बागेतच राहावा. त्याचा मालक भांडे आणायला घरात गेला की दहा-बारा मीटरनंतर गाणे तुटत तुटत, कचकच करीत वाजू लागते आणि ते अखंड गाण्यापेक्षा अधिक त्रासदायक असते. दुसऱ्याने आपला मोबाईल जोडला की आवाजाची पातळी एकदम उडी मारू शकते, कारण काही मोबाईलांत मोबाईलचा आवाज आणि स्पीकरचा आवाज हे वेगवेगळे राहतात. ज्याचा मोबाईल जोडला आहे त्याने संदेशांचे आणि फोनचे आवाज बंद करावेत. आमच्याकडे एकदा एका गृहस्थांच्या सासूबाईंचा फोन साऱ्या बागेत वाजला होता. पुढचे सांगत नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट. मुदतीचा महिना संपत आला तेव्हा मी ठरवले की पुढच्या बैठकीची सूचना लिफ्टमध्ये लावायची, पण तेवढ्यावर थांबायचे नाही. जपानी भाषेत शेजार मोजण्याची जुनी पद्धत आहे : समोरची तीन घरे आणि दोन्ही बाजूंची एकेक. बागेला हा हिशेब लावला तर बागेकडे खिडक्या असलेली घरे म्हणजे शेजार. आमच्याकडे ती अठरा होती. माझी पत्नी आणि मी छोटा खाऊचा डबा आणि सूचनेचा कागद घेऊन त्या अठरा दारांत गेलो. कागदावर तारीख, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, जबाबदार माणसाचे नाव आणि फोन. संपण्याची वेळ मोठ्या अक्षरांत. आवाज किती आहे यापेक्षा तो कधी संपणार हे ठाऊक नसणे माणसाला अधिक छळते.

तिसऱ्या मजल्यावर एका तरुण बाईंनी दार उघडले. दुपारचे पाच वाजले होते आणि त्या झोपेतून उठून आल्या होत्या. मला फार ओशाळल्यासारखे झाले. त्या रुग्णालयात परिचारिका आहेत आणि एक आठवड्याआड त्यांची रात्रपाळी असते. त्या सकाळी घरी येतात आणि दुपारी चारपर्यंत झोपतात. आमची बैठक दोन ते चार असे. शरद ऋतूतल्या त्या तीन रविवारांपैकी किती त्यांच्या रात्रपाळीचे होते, हे मी विचारले नाही. निदान एक तरी असणार. त्यांनी तक्रार केली होती का? नाही. त्या म्हणाल्या, दिवसाची वेळ आहे, दिवसा लोक बोलणारच, आपली झोप उलटी आहे हा लोकांचा दोष नाही. कानात बोळे घालून झोपत असत.

पाहा, कायदा रात्री दहा ते सकाळी सहा या झोपेचे रक्षण करतो. ही बाई त्यात कोठेच नव्हती. आमचे मापकही तिला शोधू शकले नसते. 50 आले काय आणि 47 आले काय. ती सापडली ती दार वाजवल्यामुळे. बैठक आम्ही साडेचार ते सहा अशी केली. त्या ऋतूत तेथे पाचच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा मुलांच्या आयांनी कुरकुर केली. आम्ही दिवे लावले. मी त्या बाईंना पाळीचे वेळापत्रक मागितले नाही. ते विचारणे मला आगाऊपणाचे वाटले. वेळच अशी ठेवली की विचारावे लागू नये.

ठरावाचे काय झाले? तो मागे घेतला गेला नाही, बदलला. बागेत संगीत महिन्यातून दोनदा, दर वेळी दीड तास, आठवडाभर आधी सूचना, आणि स्पीकर आमच्या पद्धतीने. ज्या वयस्क सभासदांनी ठराव मांडला होता, त्यांनीच एक उदाहरण दिले आणि ते मला फार आवडले. तिकडे 1928 सालापासून रेडिओवर कवायतीचा कार्यक्रम चालतो, रोज सकाळी साडेसहा वाजता, दहा मिनिटे. उद्यानात एक छोटा रेडिओ मध्ये ठेवतात, म्हातारेकोतारे भोवती उभे राहून हातपाय हलवतात, कार्यक्रम संपला की रेडिओ बंद होतो आणि मंडळी घरी जातात. ते म्हणाले, 'सकाळी साडेसहाला कोणी यंत्र वाजवले तर मला राग यायला हवा. येत नाही, कारण ते सहा चाळीसला थांबणार हे मला माहीत आहे.'

तिकडच्या आयची प्रांतात तोकाई नावाचे शहर आहे. तेथे आवाजाच्या तक्रारींनंतर उन्हाळ्यातले पारंपरिक सामूहिक नृत्य कानात यंत्र लावून, बाहेरून अगदी निःशब्द असे करून पाहिले गेले. कोणी म्हणेल हाच उत्तम मार्ग. मला तो पटला नाही. ज्याच्या कानात यंत्र नाही तो त्या नाचात येऊ शकत नाही. आणि आमच्या बागेत अलीकडे दोन-तीन जपानी आजीबाई बाकावर येऊन बसतात, त्या कशा बसल्या असत्या? थोडा आवाज हवा. तो कोठपर्यंत जातो याची चौकशी मात्र आपण करायला हवी.

मी ठाण्याच्या सोसायटीत वाढलो. आमच्या आवारात लग्नाची हळद असली की सगळ्या इमारतीला आपोआप आमंत्रण असे, म्हणून आवाजाचा प्रश्न उद्भवत नसे. आता एका जिन्यावर राहणाऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतात आणि आवाज मात्र पूर्वीच्याच हक्काने करतो आहोत. अध्यक्षांनी मघाशी सांगितले की आपल्या आवारातही कार्यक्रमाच्या दिवशी मागच्या इमारतीतून कुरबूर येते. त्या इमारतीच्या किती खिडक्या इकडे उघडतात, हे येथे कोणाला सांगता येईल का? मला तरी नाही. मापक माझ्या मोबाईलवर आहे आणि समितीचा स्पीकर टेबलावर दिसतो आहे. चहा झाला की कोणी दोघे माझ्याबरोबर चला. एक जण आवारात गाणे लावील, आणि आपण मागच्या इमारतीत रीतसर परवानगी विचारून, दुसऱ्या मजल्यावर एखाद्या घरी खिडकी बंद करून उभे राहू.